उत्सर्जनाच्या अहवालावरची सही : ‘लिमिटेड’ कुठे थांबते आणि ‘रीझनेबल’ कुठवर जाते

मोठ्या वाहन कंपनीला कास्टिंग पुरवणाऱ्या कुपवाड एमआयडीसीतल्या कारखानदाराला हल्ली खरेदी विभागाकडून दराच्या घासाघिशीसोबत आणखी एक विचारणा येते. वर्षभरात तुमच्याकडून किती टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, आणि तो आकडा कोणा बाहेरच्या माणसाने तपासलाय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक्सेलमध्ये निघतं. दुसऱ्यापाशी गाडी अडते. बाहेरच्या माणसाने केलेल्या अशा तपासणीला ‘अ‍ॅश्युरन्स’ म्हणतात. तपासायला आलेला माणूस विचारतो, “लिमिटेड अ‍ॅश्युरन्स करायचा की रीझनेबल?” दोन्हींच्या फीमध्ये चांगलंच अंतर असतं, पण ते अंतर कशाचं हे धड कोणी सांगत नाही. “लिमिटेड म्हणजे निम्मी तपासणी ना साहेब? मग तेच करा की,” असं म्हणून विषय संपवला जातो.

निम्मी तपासणी हा समज चुकीचा आहे, आणि तो धरून अहवाल वाचला तर दोन्ही बाजूंनी फसगत होते. म्हणून इथे एकच कारखाना घेऊन बघू. कारखाना कल्पित आहे, पण त्यातली गडबड ज्या प्रकारची आहे ती कुठल्याही एमआयडीसीत सापडेल.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. सेबीने जुलै २०२३मध्ये ‘बीआरएसआर कोअर’ नावाची निवडक आकड्यांची यादी काढली आणि शेअर बाजारातल्या पहिल्या १५० कंपन्यांना २०२३-२४पासून त्यावर रीझनेबल अ‍ॅश्युरन्स घ्यायला लावला. पुढे २५०, ५०० आणि १००० कंपन्यांपर्यंत जायचं ठरलं. मार्च २०२५मध्ये त्यात ‘अ‍ॅश्युरन्स किंवा असेसमेंट’ असा पर्याय आला. या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत ज्यांचा एकट्याचा वाटा २ टक्के किंवा जास्त आहे, अशा पुरवठादारांची माहितीही याच चौकटीत बसवली गेली. आपल्या फाउंड्रीपर्यंत प्रश्न येतो तो असा. युरोपच्या कायद्याने टिकाऊपणाच्या, म्हणजे सस्टेनेबिलिटीच्या, अहवालांसाठी लिमिटेडपासून सुरुवात केली. पण तिथल्याच उत्सर्जन-व्यापार योजनेत प्रत्येक टनाला पैसे मोजावे लागतात, म्हणून तिथे पडताळणी रीझनेबल पातळीचीच लागते. पैसा थेट टनावर अवलंबून असला की कोणती पातळी मागितली जाते, हे त्यावरून कळावं.

कारखान्याचा आकडा

आपली फाउंड्री वर्षाला ८,००० टन कास्टिंग काढते. भट्ट्या इंडक्शनच्या, म्हणजे विजेवरच्या. वर्षाची वीज १ कोटी युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४चा देशाच्या ग्रिडचा गुणांक आहे युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे विजेपोटी ७,२७० टन. जनरेटरचं डिझेल ६०,००० लिटर, लिटरमागे साधारण २.६८ किलो धरून १६१ टन. लॅडल तापवायला एलपीजी १२० टन, त्याचे ३५८ टन. एकूण ७,७८९ टन. कच्चा माल, वाहतूक वगैरे बाहेरच्या साखळीचं उत्सर्जन आपण इथे धरलेलं नाही.

आता तपासनीस पहिलं काम करतो ते हे : किती मोठी चूक असली तर हा आकडा वापरणाऱ्याचा निर्णय बदलू शकेल? समजा त्याने एकूण आकड्याच्या ५ टक्के, म्हणजे सुमारे ३९० टन, ही रेघ आखली. (मानकांनी असा टक्का ठरवून दिलेला नाही, पण ५ टक्क्यांपासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे.) या रेघेवरची चूक ती मोठी चूक.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. लिमिटेडसाठी ही रेघ सैल आणि रीझनेबलसाठी घट्ट, असं नसतं. रेघ दोन्हीकडे तीच राहते, कारण ती तपासणाऱ्याच्या कष्टावरून ठरत नाही. आकडा वापरणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. वाहन कंपनीला ४०० टनांची चूक खटकणार असेल तर ती तपासणी कुठल्याही पातळीची असली तरी खटकणार. बदलतं ते एवढंच, की अशी मोठी चूक असूनही तपासनीसाच्या नजरेतून निसटण्याची शक्यता किती उरते. रीझनेबलमध्ये ती अगदी कमी करावी लागते. लिमिटेडमध्ये ती त्याहून जास्त राहिली तरी चालते. मात्र इतकी जास्त नको, की तपासणीला अर्थच उरू नये. या दोन टोकांमधला पट्टा बराच रुंद आहे, आणि लिमिटेडचे दोन अहवाल या पट्ट्यात एकमेकांपासून फार लांब असू शकतात.

लिमिटेड कुठे तेज असतं

लिमिटेडची मुख्य हत्यारं दोन : विचारपूस आणि आकड्यांची तुलना. तपासनीस आकडे गोळा करणाऱ्या माणसाला बसवून विचारतो, आकडा कुठून येतो, कोण भरतं, यंदा काय बदललं. मग तो गुणोत्तरं काढतो. आपल्या फाउंड्रीत टनामागे १,२५० युनिट पडतात, गेल्या वर्षी १,२६२ होते. ठीक. मग तो महिन्यांवर येतो आणि पहिल्या कच्च्या तक्त्यात ऑगस्टला थबकतो. उत्पादन ६७० टन, वीज ८४,००० युनिट. टनामागे जेमतेम १२५ युनिट. एवढ्यात लोखंड वितळतच नाही. बिल मागवल्यावर दिसतं की आकडा ८,४०,००० आहे, टायपिंगमध्ये एक शून्य गळलं. फरक ७ लाख ५६ हजार युनिटांचा, म्हणजे जवळपास ५५० टनांचा. ३९०च्या रेघेवरची चूक, आणि ती पाच मिनिटांत हाती लागली.

असं काही हाती लागलं की लिमिटेडमध्येही तपासनीसाला “माझं काम मर्यादित आहे” म्हणून पुढे सरकता येत नाही. मोठी चूक असावी असं वाटायला कारण मिळालं, की तिचा छडा लागेपर्यंत जादा तपासणी करणं त्याला बंधनकारक असतं. बिल बघायचं, दुरुस्ती करून घ्यायची, आणि शून्य गळणं एकाच महिन्यापुरतं होतं का हेही बघायचं. लिमिटेडची मर्यादा कुठे शोधायचं यापुरती आहे. सापडलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करण्याची मुभा त्यात नाही.

आणि कुठे आंधळं

आता दुसरी चूक बघा. फाउंड्रीने रस्त्यापलीकडचा एक शेड भाड्याने घेतलाय. आधी मशिनिंग बाहेरून जॉबवर्कने करून घ्यायचे, यंदा एप्रिलपासून तिथे १२ सीएनसी मशिन आणि एक कॉम्प्रेसर बसवला. शेडचं वीज कनेक्शन जागामालकाच्या नावावर. महावितरणचं बिल मालक भरतो आणि भाड्यासोबत वसूल करतो. वर्षाची वीज ६ लाख युनिट.

ही वीज अहवालात नाही. कोणी लपवलेली नाही. तक्ता भरणारा मुलगा मेंटेनन्समधला, त्याच्याकडे फक्त मुख्य प्लांटच्या ग्राहक क्रमांकाची बिलं येतात, आणि भाड्याचा कागद परस्पर अकाउंट्सला जातो. पण शेडमध्ये मशिन कारखान्याच्या, माणसं कारखान्याची, काम कारखान्याच्या हुकमाने चालतं. म्हणून ती वीज कारखान्याच्याच आकड्यात यायला हवी. ६ लाख युनिट गुणिले ०.७२७ म्हणजे ४३६ टन. हीसुद्धा रेघेवरची चूक.

लिमिटेडमध्ये काय होतं? टनामागे १,२५० युनिट, कारण भाज्य आणि भाजक दोन्ही मुख्य प्लांटचेच आहेत. महिन्यागणिक आलेख सरळ. विजेच्या खर्चाचं खातं बिलांशी पैशापैशाने जुळतं, कारण शेडच्या विजेचे पैसे भाड्याच्या खात्यात पडलेत. तक्ता भरणाऱ्या मुलाला विचारलं, “अजून कुठलं मीटर?” तर तो प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो. सगळ्या तुलना पास. प्रमाण बिघडवणारी चूक तुलनेत सापडते. अख्खी वस्तूच तक्त्याबाहेर राहिली असेल तर प्रमाण शाबूत राहतं आणि तुलना मूग गिळून बसते.

रीझनेबलमध्ये रस्ता वेगळा असतो. तिथे प्रत्येक मोठ्या बाबीला स्वतंत्रपणे प्रश्न विचारावे लागतात : सगळं आलंय का, बरोबर आलंय का, याच वर्षाचं आहे का. आणि प्रत्येक प्रश्नाला पुरावा लागतो. ‘सगळं आलंय का’ याचा पुरावा तक्त्यात सापडत नाही, कारण जे आलं नाही ते तक्त्यात दिसणार कसं? तो उलट्या बाजूने शोधावा लागतो. मालमत्तेच्या नोंदवहीतून १२ सीएनसी मशिन उचलायची आणि विचारायचं, ही कुठे आहेत, कुठल्या मीटरवर चालतात? जागेवर जाऊन कंपाउंडच्या आत-बाहेर फिरायचं. भाडेकरार वाचायचे. जॉबवर्कचा खर्च यंदा एकदम का घसरला, हे विचारायचं. यातला कुठलाही एक धागा शेडपर्यंत पोहोचवतो.

इथे माझं एक मत नोंदवतो. जीएसटीच्या नोंदणी प्रमाणपत्रात व्यवसायाच्या अतिरिक्त जागांची यादी असते. ती उघडून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि लिमिटेडमध्येही ती बघू नका असं कोणी सांगितलेलं नाही. शेडची नोंद तिथे असेल तर चूक तिथेच पकडली जाईल. सांगली-मिरजेतल्या कारखान्यांची हिशेबाची घडण माहीत असलेला तपासनीस लिमिटेडमध्येही हे करेल. लांबून व्हिडिओ कॉलवर काम उरकणारा बहुधा करणार नाही. दोघांच्या अहवालातलं शेवटचं वाक्य मात्र शब्दशः सारखं असेल. रुंद पट्ट्याचा अर्थ हा.

एक वीज बिल जवळून

दोन पातळ्यांमधला आणखी एक फरक मूळ कागद किती जवळून बघितला यातून दिसतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२०पासून केव्हीएएचवर होते. त्यामुळे बिलावर दोन आकडे असतात : समजा ८,३०,००० केडब्ल्यूएच, म्हणजे नेहमीची युनिटं, आणि ८,४७,००० केव्हीएएच. पैसे दुसऱ्या आकड्यावर लागतात, म्हणून तक्ता भरणाऱ्याचा हात सहज दुसऱ्याकडे जातो. उत्सर्जनाचा गुणांक मात्र पहिल्या आकड्यासाठी आहे. या महिन्यात फरक १७,००० युनिटांचा, म्हणजे सुमारे १२ टनांचा. वर्षभर हेच झालं तर दीडशे टनांच्या आसपास जास्त दाखवले जातात.

गेल्या वर्षीही असंच भरलं असेल तर तुलनेत काहीच दिसणार नाही, कारण दोन्ही वर्षं सारखीच फुगलेली. बिल हातात घेऊन तक्त्याशी ओळीने ओळ ताडल्याशिवाय हे कळत नाही, आणि नमुन्याने बिलं काढून असं ताडणं हे रीझनेबलमधलं रोजचं काम. लिमिटेडमध्ये तपासनीस एखाद-दुसरं बिल बघेलही, पण किती बघायची हे बरंचसं त्याच्या अंदाजावर. दीडशे टन एकट्याने रेघेखालीच आहेत, तरी ते सोडून देता येत नाहीत. अशा छोट्या चुकांची यादी ठेवावी लागते, दुरुस्त करायला सांगावं लागतं, आणि न केलेल्या सगळ्या मिळून रेघेपलीकडे जातात का, हे शेवटी बघावं लागतं. हे दोन्ही पातळ्यांवर लागू.

डिझेलचं उलट आहे. जनरेटरच्या टाकीत दांडी बुडवून घेतलेली मापं, खरेदीची बिलं, लॉगबुक यांचा मेळ घालण्यात दिवस जाऊ शकतो. पण संपूर्ण डिझेलच १६१ टन आहे. निम्मं चुकलं तरी ८० टन. रीझनेबलमध्येसुद्धा शहाणा तपासनीस तिथे जीव काढत नाही. जास्त तपासणी म्हणजे सगळीकडे सारखीच जास्त तपासणी, असं कुठे लिहिलेलं नाही.

दोन वाक्यं

एवढं झाल्यावर तपासनीस निष्कर्ष लिहितो. रीझनेबलचं वाक्य साधारण असं असतं : “आमच्या मते, हे विवरण सर्व महत्त्वाच्या बाबतींत ठरलेल्या निकषांनुसार तयार केलेलं आहे.” लिमिटेडचं असं : “आम्ही केलेल्या कामाच्या आणि मिळालेल्या पुराव्याच्या आधारे, हे विवरण महत्त्वाच्या बाबतींत निकषांनुसार तयार केलेलं नाही असं मानण्याजोगं काहीही आमच्या नजरेस आलेलं नाही.” पहिल्यात तो आकड्याबद्दल बोलतो. दुसऱ्यात तो आपल्या नजरेबद्दल बोलतो.

म्हणून दुसरं वाक्य वाचताना नजर कुठे कुठे फिरली होती हे माहीत असावं लागतं. लिमिटेडच्या अहवालात केलेल्या कामाचा सारांश द्यावाच लागतो तो यासाठी, आणि माझ्या मते अख्ख्या अहवालातला सर्वात कामाचा परिच्छेद तोच. तिथे “व्यवस्थापनाकडे चौकशी केली, आकड्यांची तुलना केली” एवढंच असेल तर आपला शेड निसटला असणार असं धरायला हरकत नाही. “कारखान्याला भेट दिली, जागांची यादी इतर नोंदींशी ताडली, निवडक महिन्यांची मूळ बिलं पाहिली” असं असेल तर तेच लिमिटेड बरंच वजनदार ठरतं. खरेदी विभागातली मंडळी नेमका हा परिच्छेद ओलांडून सही-शिक्क्याकडे जातात.

सारांशासोबत आणखी एक ओळ शोधावी : कोणत्या आकड्यांवर कोणती पातळी? एकाच अहवालात स्वतःच्या इंधनाचं आणि विजेचं उत्सर्जन रीझनेबल, तर वाहतूक आणि कच्च्या मालाचं लिमिटेड, अशी सरमिसळ चालते. मुखपृष्ठावर मात्र ‘अ‍ॅश्युअर्ड’ एवढंच झळकतं.

रीझनेबल म्हणजे शंभर टक्के हमी, असंही नाही. ०.७२७ हा गुणांक देशाच्या ग्रिडची सरासरी आहे. आपल्या फाउंड्रीत आलेला प्रत्येक युनिट कोळशाचा होता की कोयनेच्या पाण्याचा, हे त्यातून कळत नाही. तपासनीस गुणांक योग्य जागेवरून, योग्य वर्षाचा घेतला का एवढं बघतो. गुणांक किती नेमका आहे याची जबाबदारी त्याची नसते, आणि ही अंगभूत अनिश्चितता दोन्ही प्रकारच्या अहवालांत लिहिलेली असते.

या कामाची मानकं म्हणजे आयएसएई ३००० आणि हरितगृह वायूंसाठीचं आयएसएई ३४१०. त्यांच्या जागी टिकाऊपणाच्या अहवालांसाठी आयएसएसए ५००० येतंय; १५ डिसेंबर २०२६पासून पुढे सुरू होणाऱ्या कालावधींना ते लागू होईल. आपल्याकडे सनदी लेखापालांच्या संस्थेची स्वतःची मानकं आहेत. नावं बदलली तरी वर सांगितलेला फरक तसाच आहे.

लिमिटेडवरून रीझनेबलवर जायचं झालं तर

कुपवाडच्या मालकाने “यंदा लिमिटेड, पुढच्या वर्षी रीझनेबल” असं ठरवलं तर तयारी पुढच्या वर्षीच्या मार्चनंतर करून भागत नाही. रीझनेबलमध्ये तपासनीसाला आकडे गोळा करण्याची व्यवस्था समजून घ्यावी लागते : तक्ता कोण भरतं, दुसरं कोण तपासून सही करतं, नवं मीटर किंवा नवी जागा आली की ती तक्त्यात आणायची जबाबदारी कोणाची. ही व्यवस्था नुसती कागदावर न राहता प्रत्यक्ष चालू आहे का, हेही त्याला बघावं लागतं. लिमिटेडमध्ये तो याच्या इतक्या खोलात जात नाही. व्यवस्था वर्षभर चालली असेल तरच तिचा पुरावा उरतो. जूनमध्ये टाकीची दांडी कोणी लिहूनच ठेवली नाही, तर ती पुढच्या एप्रिलमध्ये कुठून आणणार? मग रीझनेबलचा तपासनीस त्या बाबीपुरता शेरा मारतो, किंवा ती बाब मोठी असेल तर मत द्यायलाच नकार देतो.

तेव्हा सुरुवात १ एप्रिलला करायची आणि तीही साध्या गोष्टीपासून : कारखान्याच्या ताब्यातल्या प्रत्येक जागेची यादी, तिच्यासमोर वीज मीटरचा ग्राहक क्रमांक, बिल कोणाच्या नावावर आणि पैसे कुठल्या खात्यातून जातात. भाड्याने घेतलेला शेड या यादीत पहिल्याच दिवशी येतो. यादी करणारा आणि अहवाल तपासणारा माणूस मात्र वेगवेगळा हवा. ज्याने तक्ता बनवायला मदत केली त्याच्याच सहीचा अ‍ॅश्युरन्स कोणतीही वाहन कंपनी स्वीकारणार नाही, मग पातळी कुठलीही असो.